ऑप्शन फॉर्मच्या आधीचं लाइव्ह: करिअर काउन्सेलरने प्रश्नोत्तरांचं सेशन कसं घ्यायचं आणि त्यातून लीड कशा मिळवायच्या

निकाल लागले की बरेच काउन्सेलर लाइव्ह येतात, विषय ठरलेला, 'बारावीनंतर काय?', आणि मग तासभर मेडिकल, इंजिनिअरिंग, कॉमर्स, परदेश सगळ्यावर थोडं थोडं बोलून होतं, चॅटमध्ये चाळीस जण 'सर माझा प्रश्न घ्या' म्हणत राहतात आणि शेवटी हातात काय, तर व्ह्यूजचा आकडा. नंबर कोणाचा नाही, कोणाला काय हवं होतं तेही माहीत नाही. हे टाळायला मोठा स्टुडिओ वगैरे काही लागत नाही. विषय एकच घ्यायचा आणि प्रश्न लाइव्हच्या आधीच फॉर्मवर मागवायचे, म्हणजे प्रश्नाचा फॉर्म हाच तुमचा लीडचा फॉर्म होतो. या लेखात एवढीच गोष्ट नीट उलगडून सांगतो.

उदाहरण घेऊ सांगलीतल्या एका काउन्सेलरचं, जो एमएचटी-सीईटी देणाऱ्या मुलांना इंजिनिअरिंग ॲडमिशनसाठी मदत करतो. अकरावी, फार्मसी, लॉ कशासाठीही हाच साचा चालेल, फक्त नियम त्या त्या प्रक्रियेचे घ्यायचे.

विषय आणि दिवस

कॅप राउंडमध्ये पालक खरे घाबरलेले असतात ते ऑप्शन फॉर्म भरताना, कारण फॉर्म भरायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात आणि 2025 च्या प्रवेशापासून ऑटो फ्रीजचा नियम आलाय. पहिल्या राउंडला पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तेच घ्यावं लागतं, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी लागलं तर, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. म्हणजे एक नंबरला काय टाकलं याला आता प्रचंड वजन आहे आणि बेटरमेंट घेऊ नंतर हा जुना हिशोब चालत नाही. (दरवर्षी सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून हे परत तपासायचंच, गेल्या वर्षीच्या आठवणीवर लाइव्ह घ्यायचं नाही.)

तर विषय असा ठेवा: 'सांगली-कोल्हापूर-साताऱ्याच्या मुलांनी इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म कसा लावायचा'. जिल्ह्यांची नावं मुद्दाम टाकायची. पुण्या-मुंबईचे चॅनेल मोठे आहेत, पण शिवाजी विद्यापीठाच्या मुलाला पुण्यातल्या कॉलेजचा कटऑफ कुठल्या कॉलममध्ये बघायचा हे ते थांबून सांगत बसत नाहीत, आणि तिथंच तुमची जागा आहे.

दिवस घ्या फायनल मेरिट लिस्ट लागल्यानंतरचा आणि ऑप्शन फॉर्म सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळचा. शेवटच्या रात्री घेऊ नका, त्या वेळी लोक ऐकत नाहीत, फॉर्म भरत असतात आणि तुमच्या एका वाक्यावर घाईत पसंतीक्रम बदलतात. वेळ साडेआठ ते साडेनऊ चांगली, वडील घरी आलेले असतात, आणि फी भरणारा माणूस स्क्रीनसमोर बसलेला असणं महत्त्वाचं आहे. तारखा पुढे ढकलल्या जाण्याची शक्यता कायम धरा आणि पोस्टरवर तारीख छापण्याऐवजी 'ऑप्शन फॉर्म सुरू होण्याच्या आदल्या दिवशी' असं लिहून तारीख व्हॉट्सॲपवर कळवू असं सांगा, त्यानेही नंबर येतात.

फॉर्ममध्ये काय विचारायचं

पाच-सहा दिवस आधी गूगल फॉर्म सोडा. त्यात फक्त हे: विद्यार्थ्याचं पहिलं नाव, पालकांचा व्हॉट्सॲप नंबर, बारावी कुठल्या जिल्ह्यातून झाली, पर्सेंटाइल आणि मेरिट नंबर, प्रवर्ग कुठला आणि त्याची कागदपत्रं हातात आहेत का (जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस जे लागू असेल ते, फक्त हो किंवा नाही), आणि शेवटी मोठा रिकामा चौकोन, 'तुमचा प्रश्न तुमच्या शब्दांत लिहा'. हा शेवटचा चौकोन सगळ्यात मौल्यवान आहे. पर्याय देऊन टिक करायला लावलं की सगळे 'कॉलेज निवड' वर टिक करतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. मोकळं लिहू दिलं की 'मुलीला पुण्याला पाठवायचं नाही पण तिला तेच हवंय' असं काहीतरी येतं, आणि त्या एका ओळीवरून त्या घराशी काय बोलायचं ते समजतं.

नंबर पालकांचाच घ्यायचा. बारावीची बरीच मुलं 18 च्या आतली असतात आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते असं धरलंय. म्हणून फॉर्म पालकांनी भरायचा असं वर स्पष्ट लिहा आणि खाली दोन वेगळ्या टिक ठेवा, एक 'माझा प्रश्न नाव न घेता लाइव्हमध्ये वाचला तरी चालेल' आणि दुसरी 'मला या विषयावर व्हॉट्सॲपवर संपर्क केलात तरी चालेल'. दोन्ही एकत्र करू नका. दुसरी टिक ज्यांनी केली तेवढ्याच तुमच्या लीड, बाकीच्यांना फक्त उत्तर द्यायचं. असं गाळल्यावर आकडा कमी होतो पण राहिलेले लोक फोन उचलतात.

आधार, ॲप्लिकेशन आयडी, लॉगिन, ओटीपी यातलं काहीही मागायचं नाही, कधीच. पालकांच्या हातून फॉर्म काढून घेऊन 'मी भरतो' म्हणणारे एजंट प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि तुम्ही तसे नाही हे पालकांना पहिल्यांदा या फॉर्मवरूनच कळतं.

आदल्या रात्रीची निवड

समजा 70 प्रश्न आले. सगळे शीटमध्ये घ्या आणि प्रत्येकापुढे एक अक्षर टाका. 'स' म्हणजे सगळ्यांच्या कामाचा, 'ए' म्हणजे एकट्याच्याच केसचा, 'खा' म्हणजे खासगी, जो वाचायचाच नाही (घरातले पैशाचे वाद, आजारपण, मुलाच्या मनाविरुद्ध चाललेलं काही). एका तासात नीट उत्तरं द्यायची तर 10 ते 12 प्रश्नच होतात, एकेकाला चार-पाच मिनिटं. त्यातले आठ आधी निवडून ठेवा, बाकीची जागा चॅटमधल्या प्रश्नांना.

निवडलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी गेल्या वर्षीच्या कटऑफ यादीचं नेमकं पान आधी उघडून ठेवा. सीईटी सेलच्या या याद्या शेकडो पानांच्या असतात, लाइव्हमध्ये स्क्रोल करत बसलात की लोक निघून जातात. कॉलेज कोड लिहून ठेवला तर सर्चमध्ये टाकून लगेच सापडतं. झूम मोठा ठेवा, कारण बहुतेक पालक मोबाइलवर बघतायत आणि त्यांना ते बारीक आकडे दिसत नाहीत.

तांत्रिक बाजू, थोडक्यात

स्क्रीन दाखवायची असल्यामुळे लॅपटॉपवरून यूट्यूब लाइव्ह बरं पडतं. नवीन चॅनेल असेल तर लाइव्ह सुरू करून घ्यायला 24 तासांपर्यंत लागू शकतात आणि मोबाइलवरून लाइव्ह करायचं तर किमान 50 सबस्क्रायबर लागतात, त्यामुळे हे आठवडाभर आधी बघून ठेवा. इन्स्टाग्रामवर लाइव्हला आता 1,000 फॉलोअरची अट आहे आणि कटऑफची पानं तिथं नीट दाखवता येत नाहीत, तिथं फक्त जाहिरातीची रील टाका. आवाजासाठी साधा कॉलर माइक पुरतो. पावसाळा असतो, लाइट जाते, राउटर इन्व्हर्टरवर आहे ना ते बघा आणि दुसऱ्या मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा.

सोबत एक माणूस मात्र पाहिजेच. त्याचं काम चॅट. पालक चॅटमध्ये सरळ स्वतःचा मोबाइल नंबर आणि मार्क टाकतात, 'सर कॉल करा' म्हणून, आणि ते नंबर तिथूनच उचलून दुसऱ्याच दिवशी कुठलेतरी ॲडमिशनवाले फोन करतात. मदतनीसाने नंबर दिसला की मेसेज लगेच काढून टाकायचा आणि 'नंबर इथे टाकू नका, वर पिन केलेल्या लिंकवर मेसेज करा' असं लिहायचं. रेकॉर्डिंगसोबत चॅटही परत दिसत राहते हे लक्षात घ्या, त्यामुळे हे काम झाल्यावरही एकदा चाळून बघायचं. चॅट फार वेगाने पळायला लागली तर स्लो मोड लावा.

उत्तर कसं द्यायचं

तुमच्यावर विश्वास बसतो तो इथं. डिग्र्या आणि 'इतक्या मुलांना ॲडमिशन मिळवून दिली' हे सांगून सुरुवात करू नका, नाव सांगा आणि थेट पहिला प्रश्न घ्या, तो असा की समोरच्या निम्म्या लोकांना तोच पडलाय. मी एक प्रश्न पूर्ण करून दाखवतो, आकडे समजण्यासाठी घेतलेत.

प्रश्न: 'मिरजेचा मुलगा, ओबीसी, 93.4 पर्सेंटाइल, पुण्यातल्या अमुक प्रायव्हेट कॉलेजला कॉम्प्युटर मिळेल का?'

याला 'मिळेल' किंवा 'अवघड आहे' असं एका शब्दात सांगणारा काउन्सेलर आणि ज्योतिषी यांच्यात लोकांना फरक दिसत नाही. तुम्ही पान उघडा आणि बोट ठेवून बोला. मुलगा बारावी सांगली जिल्ह्यातून, म्हणजे त्याचं होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ. कॉलेज पुणे विद्यापीठाचं. म्हणून GOBCH कॉलम त्याच्यासाठी नाही, तो पुणे विद्यापीठाच्या मुलांचा, याने बघायचा GOBCO. आणि ओपनच्या जागेवरही तो मेरिटने बसू शकतो म्हणून GOPENO पण बघायचा. मुलगी असती तर त्यासोबत L ने सुरू होणारे कॉलमही बघितले असते. समजा गेल्या वर्षी GOBCO मध्ये पहिल्या राउंडला 94.1 ला बंद झालं आणि तिसऱ्या राउंडला 92.9 ला. मग उत्तर असं: पहिल्या राउंडला शक्यता कमी, पुढे आशा आहे, पण एक-दोन जागांचा कॉलम असेल तर हा आकडा दरवर्षी बराच हलतो, त्यामुळे याच्या भरवशावर खालचे पर्याय कमी करू नका.

इथं पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही दाखवा, यादीत दोन्ही दिलेले असतात. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की तेवढ्याच पर्सेंटाइलला मेरिट नंबर वेगळा येतो, आणि जागा शेवटी मेरिट नंबरच्या क्रमाने मिळते. हे बऱ्याच पालकांनी पहिल्यांदाच ऐकलेलं असतं आणि चॅटमध्ये लगेच कळतं, लोक स्वतःचे मेरिट नंबर टाकायला लागतात.

मग कागदपत्रं. फॉर्ममध्ये त्याने जात वैधता 'नाही' लिहिलंय. तर आधी तेच, अर्ज केल्याची पावती या वर्षी चालते का आणि मूळ प्रमाणपत्र द्यायची शेवटची तारीख कुठली हे माहितीपुस्तिकेत दाखवा, कारण ते वेळेत आलं नाही तर मुलगा ओपनमध्ये जातो आणि वरचा सगळा हिशोब बदलतो.

आणि शेवटी पसंतीक्रम. अवघड कॉलेज वर टाकल्याने खालच्या कॉलेजची संधी जात नाही, जे जास्त हवंय ते वर, एवढंच. पण एक नंबरला जे टाकाल ते लागलं तर घ्यायलाच लागेल. नावासाठी म्हणून एखाद्या मोठ्या कॉलेजचं सिव्हिल एक नंबरला टाकलं, मुलाला हवं होतं कॉम्प्युटर, आणि पहिल्याच राउंडला ते सिव्हिल लागलं की पुढच्या राउंडचे दरवाजे बंद. म्हणून विचारायचा प्रश्न एकच, हेच आत्ता मिळालं तर उद्या फी भराल का? नाही म्हणत असाल तर ते एक नंबरवर नको.

एवढ्याला पाच मिनिटं जातात. प्रत्येक उत्तर याच क्रमाने गेलं की चौथ्या प्रश्नापर्यंत बघणारे स्वतःच कॉलम ओळखायला लागतात, आणि काही जणांना वाटतं की सगळं फुकट शिकवलं तर पैसे कोण देईल. माझ्या मते उलटं होतं. पद्धत कळल्यावर पालकांना हेही कळतं की स्वतःच्या मुलासाठी चाळीस-पन्नास पर्यायांवर हे करायला दोन रात्री जातील, आणि तेव्हाच ते तुमच्याकडे येतात.

माहीत नसलेला प्रश्न आला तर 'हा नियम मी पुस्तिकेत बघून उद्या सकाळी 11 पर्यंत ग्रुपवर टाकतो' म्हणा आणि टाका. अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर इथं कोणाची तरी सीट घालवू शकतं. आणि एखाद्या प्रायव्हेट कॉलेजकडून तुम्हाला ॲडमिशनमागे काही मिळत असेल तर त्या कॉलेजबद्दल बोलताना ते सांगा, नाहीतर त्याचं नावच घेऊ नका. गाव लहान असतं, हे बाहेर येतंच.

लीड कधी आणि कशी मागायची

सुरुवातीला मागू नका. पहिले तीन प्रश्न झाले, साधारण विसाव्या मिनिटाला, एकदा मागा आणि संपायच्या पाच मिनिटं आधी परत एकदा. बदल्यात काहीतरी नेमकं द्या. 'मोफत मार्गदर्शन' याला आता किंमत राहिली नाही. 'तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलांसाठी कुठला कॉलम बघायचा याचा एक पानी तक्ता आणि कागदपत्रांची यादी' असं म्हटलं की लोक लगेच मेसेज करतात. लिंक अशी बनवा की पालकाने दाबलं की मेसेज तयार येईल:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=CAP
```

X च्या जागी तुमचा व्यवसायाचा नंबर, घरचा नको. यात फायदा असा की पहिला मेसेज पालकाकडून येतो. तक्ता पाठवताना नंबर सेव्ह करायला सांगा, कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते, बाकीच्यांना गेलाच नाही हे तुम्हाला कळतही नाही. ग्रुप काढायचा असेल तर फक्त ॲडमिनने लिहायचा ठेवा, पण तिथं सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि एखादा एजंट हमखास आत येऊन बसतो. सूचनांसाठी चॅनेल बरं, तिथं नंबर दिसत नाहीत.

पुढचे 24 तास

इथं बहुतेकांचं काम ढेपाळतं, कारण लाइव्ह झालं की दमून झोपतात आणि तिसऱ्या दिवशी फोन करतात, तोवर ऑप्शन फॉर्म लॉक झालेला असतो. त्याच रात्री व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तीन लेबल लावा. पहिलं, ज्यांचं चुकलं तर नुकसान आहे, कागदपत्र अडकलंय, एक नंबरची पसंती चुकतीये वगैरे. यांना सकाळी पहिल्यांदा, आणि पैशाचा विषय न काढता. दुसरं, ज्यांचा प्रश्न 'ए' होता आणि जे यादी लावून मागतायत, हे तुमचे खरे क्लायंट. तिसरं, फक्त तक्ता घेणारे, यांना तक्ता पाठवा आणि सोडा.

दुसऱ्या गटाला मेसेज असा, त्यांच्याच प्रश्नाचा धागा धरून: 'नमस्कार ताई, काल तुम्ही लिहिलं होतं की मुलीला पुण्याला पाठवायची तयारी नाही पण तिला कॉम्प्युटरच हवंय. कराड-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तिच्या मेरिट नंबरला काय बसतंय ते आपण मुलीला सोबत घेऊन बघू शकतो. 45 मिनिटं लागतील, फी अमुक, फॉर्म तुमच्या लॉगिनवरून तुम्हीच भरायचा. उद्या दुपारी 4 किंवा रात्री 8 जमेल का?' फी लपवू नका आणि 'या, बघू' असं म्हणू नका. दोन वेळा दिल्या की उत्तर येतं. उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण, मग गप्प.

काय मोजायचं

शीटमध्ये चार आकडे पुरतात: आधी किती फॉर्म आले, तिसाव्या मिनिटाला किती जण बघत होते, लिंकवरून किती मेसेज आले, त्यातले किती प्रत्यक्ष भेटीला बसले. फॉर्म भरपूर आणि बघणारे कमी असतील तर वेळ किंवा आठवण चुकली, लाइव्हच्या तासभर आधी व्हॉट्सॲपवर लिंक गेली होती का बघा. बघणारे टिकले पण मेसेज नाहीत तर तुम्ही देत असलेली वस्तू त्यांना नकोय. मेसेज आले पण भेटी नाहीत तर बहुतेक वेळा उत्तर उशिरा गेलेलं असतं.

रेकॉर्डिंग आणि दुसरं सेशन

व्हिडिओच्या वर्णनात 0:00 पासून वेळा टाका, किमान तीन टाकल्या की यूट्यूब भाग पाडून दाखवतं, आणि प्रत्येक वेळेपुढे पालकांच्या भाषेतला प्रश्न लिहा, 'होम युनिव्हर्सिटी सांगली, पुण्याचा कटऑफ कुठला बघायचा' असा, कारण लोक असंच शोधतात. शीर्षकात प्रवेशाचं वर्ष हवंच, आणि पुढच्या वर्षी नवीन नियम आले की जुना व्हिडिओ अनलिस्टेड करा, नाहीतर कोणीतरी जुन्या नियमावर पसंतीक्रम लावेल.

पहिल्या राउंडचं अलॉटमेंट लागलं त्याच संध्याकाळी अर्ध्या तासाचं दुसरं लाइव्ह घ्या, विषय फक्त 'फ्रीज की बेटरमेंट'. यासाठी नवीन जाहिरात लागत नाही, आधीच्याच सगळ्यांना कळवा. या वेळी ज्यांनी तुमच्याकडे यादी लावली होती त्यांचं काय झालं हे त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगा, अंदाज चुकला असेल तर तोही आकड्यासकट. शेवटचा राउंड संपला की शीटमधले ज्यांनी संपर्काची टिक केली नव्हती त्यांचे नंबर आणि सगळ्यांचेच प्रवर्ग-मार्क काढून टाका, उरलेल्यांना विचारा की घरात अजून कोणी दहावी-बारावीला आहे का, आणि 'हो' म्हणणाऱ्यांपुढे वर्ष लिहून ठेवा.